एमओयूचं एक पान: एचओडींना नक्की काय सांगायचं?

सायन_सर्कल

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. मी मुंबईतल्या एका कॉलेजात मायक्रोबायॉलॉजी शिकवते. आमच्या कॉलेजचा एका खाजगी हॉस्पिटलच्या लॅबशी एमओयू झालाय, एमएस्सी पहिल्या वर्षाच्या मुलांच्या ओजेटीसाठी, म्हणजे एनईपी आल्यापासून दुसऱ्या सेमला जे ४ क्रेडिटचं १२० तासांचं ऑन जॉब ट्रेनिंग आहे ना, त्यासाठी. करार ११ पानांचा, वर दोन परिशिष्टं, सगळं वकिली इंग्रजी. सही प्रिन्सिपलसरांची आहे पण चालवायचा आमच्या विभागाने. एचओडी मॅडमनी नुकताच चार्ज घेतलाय आणि त्या म्हणाल्या, सोमवारी मला एका पानात दे, कोणी काय करायचं, कधी करायचं, पैसे कोणाचे, आणि उद्या नाही जमलं तर बाहेर कसं पडायचं.

मी जे लिहिलंय त्याचा गाभा असा. हॉस्पिटल दरवर्षी २० पर्यंत मुलं घेणार. कॉलेज सुरुवातीच्या ३० दिवस आधी यादी देणार आणि मुलांचं हिपॅटायटिस बीचं लसीकरण पूर्ण असल्याचा रिपोर्ट जोडणार. मुदत ३ वर्षं. खर्च ज्याचा त्याने करायचा. कोणीही ६० दिवसांची लेखी नोटीस देऊन बाहेर पडू शकतो.

हे सगळं कलमांप्रमाणे बरोबर आहे, मी दोनदा ताडून बघितलंय. तरी वाचल्यावर असं वाटतं की मॅडमना यातून करायचं काय ते कळणार नाही. ज्यांनी असं काम केलंय त्यांनी सांगा, यात काय राहिलंय?

गिरगावकर

ताई एवढं मनावर घेऊ नका. एमओयू म्हणजे नुसता इरादा असतो, कायद्याने कोणी बांधलं जात नाही, कोर्टात त्याला कोणी विचारत नाही. दोन तारखा आणि रक्कम लिहा, झालं. फक्त एक बघा, ५०० च्या स्टॅम्पपेपरवर केलाय का, तसं असेल तर मात्र तो पक्का करार धरतात.

अभ्या_भांडुप

ताई तुमच्याकडे एमओयूचा फॉरमॅट असेल तर टाका ना इथे प्लीज. आमच्याकडे नॅक येतंय, फंक्शनल एमओयू किती ते दाखवायचेत आणि आमच्याकडे सगळे जुनेच पडलेत.

जुना_दस्तऐवज

मी एका संशोधन संस्थेत कितीतरी वर्षं करारांच्याच टेबलावर होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गिरगावकर, तुमचं अर्धं बरोबर आहे. बरेच एमओयू बंधनकारक नसतात हे खरं, पण ते नावामुळे नाही आणि स्टॅम्पपेपरमुळे तर अजिबात नाही. स्टॅम्प म्हणजे सरकारचं शुल्क. १८७२ चा काँट्रॅक्ट ॲक्ट वर एमओयू लिहिलंय की ॲग्रीमेंट ते बघत नाही, दोघांनी काय ठरवलं आणि स्वतःला बांधून घ्यायचा हेतू होता का ते बघतो. आणि हल्लीच्या बहुतेक एमओयूत हे स्वतःच लिहिलेलं असतं, शेवटच्या एक-दोन पानांवर, जिथे पोचेपर्यंत वाचणारा दमलेला असतो. सायनताई, तुमच्या करारात शेवटी असं काही कलम आहे का? ते आधी शोधा, कारण बाकी सगळ्याचं वजन त्याच्यावर ठरतं.

अभ्या, फॉरमॅटचा विषय वेगळा आहे, नवीन धागा काढ, तिथे लिहितो.

सायन_सर्कल

आहे सर. कलम १३. त्यात म्हटलंय की हा एमओयू सद्भावनेची नोंद आहे, यातून कायदेशीर बंधन निर्माण होत नाही, अपवाद तीन: पैसे देण्याची कलमं, गोपनीयता आणि बौद्धिक संपदा.

जुना_दस्तऐवज

मग आता हे तुमच्या मसुद्यावर ठेवून बघा. हॉस्पिटलने मुलं घ्यायची हे कलम बंधनकारक भागात नाही. तुम्ही काही पैसे द्यायचे असतील तर ते मात्र आहे. म्हणजे हॉस्पिटलने मुलं घेतली नाहीत तर तुम्ही फार तर नाराजी कळवू शकता, आणि मुलं घेतल्यावर तुम्ही पैसे थकवले तर ते वसूल करू शकतात. शिवाय '२० पर्यंत' घेणार म्हणजे ७ घेतली तरी त्यांनी करार पाळलाच. तुमच्या मसुद्यात 'हॉस्पिटल २० पर्यंत मुलं घेणार' असं वाक्य आहे, शब्दाला शब्द बरोबर, पण मॅडम ते वाचून २० जागा पक्क्या धरतील आणि टाइमटेबल लावतील. तिथे स्पष्ट लिहा, जास्तीत जास्त २०, कमीत कमी किती ते ठरलेलं नाही, आणि हे आश्वासन बंधनकारक नाही.

जबाबदाऱ्या लिहिताना मी नेहमी प्रत्येकीपुढे एकच गोष्ट लिहायचो, हे त्यांना करावंच लागेल, की करू शकतात, की प्रयत्न करतील. इंग्रजीत ते क्रियापदातच असतं, पण मराठीत सारांश करताना सगळ्याचं 'करणार' होऊन जातं आणि फरक पुसला जातो. तुमच्याकडे गेस्ट लेक्चर, लॅब व्हिजिट असलं काही असेल तर तपासा, ती बहुतेक 'प्रयत्न करू' मधली निघतील.

सायन_सर्कल

निघाली. गेस्ट लेक्चर आणि जॉइंट रिसर्च दोन्ही 'प्रयत्न करू' मध्येच आहेत. आणि आमच्या विभागाच्या वार्षिक आराखड्यात आत्ताच चार गेस्ट लेक्चर धरलेली आहेत.

गिरगावकर

तरी मी म्हणेन, व्यवहारात कोण कोणावर केस करतंय? कॉलेज आणि हॉस्पिटल एकमेकांना सांभाळूनच घेतात. फार कायदा काढला की समोरचा बिचकतो.

जुना_दस्तऐवज

केस कोणीच करत नाही, मान्य. पण ही नोट हॉस्पिटलला दाखवायची नाहीये, एचओडींनी स्वतःचं नियोजन करायला हवी आहे. कशावर अवलंबून राहायचं आणि कशासाठी दुसरी सोय तयार ठेवायची एवढंच त्यातून कळायला हवं.

मृण्मयी_ठाणे

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, कायद्यातलं कळत नाही पण तुमच्या त्या हिपॅटायटिस बीच्या ओळीवर थांबले. यादी ३० दिवस आधी आणि सोबत लसीकरण पूर्ण झाल्याचा रिपोर्ट, बरोबर? त्यात टायटर, म्हणजे रक्तात अँटिबॉडी किती तयार झाल्यात त्याची टेस्ट, मागितलंय का ते बघ. मागितलं असेल तर ही ३० दिवसांची गोष्टच राहत नाही. नेहमीचं वेळापत्रक ०, १, ६ महिने, म्हणजे पहिला डोस, एका महिन्याने दुसरा, आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. मग अँटी-एचबीएस टायटर शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी करतात, दहा किंवा जास्त आलं तर संरक्षण आहे असं धरतात. ओजेटी कधी आहे तुमचं?

सायन_सर्कल

टायटर मागितलंय, परिशिष्ट अ मध्ये. ओजेटी ४ मे २०२६ ला सुरू करायचा विचार आहे, रोज ६ तास, आठवड्याला ५ दिवस, म्हणजे २० दिवसांत १२० तास होऊन २९ मेला संपतं.

मृण्मयी_ठाणे

मग उलटी मोज. ४ मेच्या ३० दिवस आधी म्हणजे ४ एप्रिलला यादी आणि रिपोर्ट. टायटरचं रक्त मार्चच्या मध्यात तरी जायला हवं. त्याच्या महिनाभर आधी तिसरा डोस, म्हणजे फेब्रुवारीचा मध्य. त्याच्या सहा महिने आधी पहिला, म्हणजे ऑगस्टचा मध्य! तुझ्या मुलांच्या ॲडमिशन्स तरी झाल्यात का?

सायन_सर्कल

मेरिट लिस्ट लागतायत आत्ता. म्हणजे ॲडमिशन कन्फर्म होतानाच पहिला डोस द्यावा लागेल. आणि हे अकरा पानांत कुठेही तारीख म्हणून लिहिलेलं नाही.

जुना_दस्तऐवज

मृण्मयीताई, वा. मलाही हे सुचलं नसतं. करारातल्या तारखा दोन जातीच्या असतात, एक छापलेल्या आणि दुसऱ्या अशा, एखादी अट पूर्ण करायला जो वेळ लागतो त्यातून निघणाऱ्या. एचओडींना दुसऱ्या जातीच्याच नडतात, कारण त्या कोणी डायरीत लिहीत नाही. तुमच्या पानावर 'पहिला डोस १४ ऑगस्टपर्यंत' ही ओळ सगळ्यात वर असायला हवी, तीन वर्षांच्या मुदतीच्याही वर.

मृण्मयी_ठाणे

एक अजून. सगळ्यांना पहिल्यापासून द्यायला लागेलच असं नाही. ज्यांचं लहानपणी झालंय त्यांना कार्ड शोधायला लाव आणि आधी टायटर कर, पुरेसं आलं तर तिथेच काम झालं. उशिरा ॲडमिशन घेणाऱ्यांसाठी लवकर संपणारी वेळापत्रकं असतात पण त्यात एक वर्षाने आणखी डोस लागतो, तो हॉस्पिटल 'पूर्ण' धरेल की नाही ते त्यांच्या इन्फेक्शन कंट्रोलवाल्यांना विचारूनच ठरव. आमच्याकडे धरतात, दुसरीकडे नाही धरत असंही ऐकलंय.

कांचन_के

माझा अनुभव सांगते, विषय थोडा वेगळा आहे पण पैशाच्या बाबतीत लागू होईल. मी एका सामाजिक संस्थेत होते, आमचा एका शाळेशी करार होता, दोन शिक्षिकांचा पगार आमची देणगीदार संस्था देणार होती. सारांशात आम्ही 'पगार: देणगीदार' असं लिहिलं होतं आणि मुख्याध्यापिकाबाईंनी त्यावर विश्वास ठेवून पूर्ण वर्षाचं लावलं. मूळ कलमात होतं 'निधी उपलब्ध असल्यास'. नोव्हेंबरात निधी थांबला आणि दोघी बाया तीन महिने बिनपगारी शिकवत होत्या, मुलं सोडून जायचं कसं म्हणून. कोणी खोटं बोललं नव्हतं, ती अर्धी ओळ सारांशात आली नव्हती एवढंच. म्हणून सांगते, नक्की मिळणारे पैसे आणि झाले तर मिळणारे पैसे एका रकान्यात अजिबात टाकू नका.

सायन_सर्कल

कांचनताई, हे वाचून पाचवं कलम पुन्हा उघडलं. ५.१ मध्ये ज्याचा खर्च त्याने करायचा. ५.४ मध्ये हॉस्पिटल मुलांना स्टायपेंड देईल, सीएसआर निधी उपलब्ध असल्यास. आणि परिशिष्ट ब मध्ये कॉलेजने दर विद्यार्थ्यामागे ३,००० रुपये ट्रेनिंग फी द्यायची, अर्धी सुरुवातीच्या १५ दिवस आधी, अर्धी संपल्यावर, आणि कन्झ्युमेबल्स प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे वेगळे. मग ५.१ चं काय? दोन्ही एकाच वेळी कसं खरं असेल?

जुना_दस्तऐवज

मुख्य करार आणि परिशिष्ट यांच्यात विरोध आला तर कोणाचं धरायचं, असं कलम आहे का?

सायन_सर्कल

नाही. फक्त परिशिष्टं कराराचा अविभाज्य भाग आहेत एवढंच.

जुना_दस्तऐवज

मग ते नोटमध्ये सोडवायचा प्रयत्न करू नका. हे मी ठासून सांगतो, कारण सारांश लिहिणाऱ्याला मोह होतो दोन्हींतून एक काहीतरी अर्थ काढून गुळगुळीत वाक्य लिहायचा. लिहा, ५.१ असं म्हणतं, परिशिष्ट ब असं म्हणतं, हॉस्पिटलकडून लेखी खुलासा हवा, तोवर जास्तीचा आकडा धरून चालावं. जास्तीचा म्हणजे २० मुलं गुणिले ३,०००, ६०,००० रुपये, अधिक कन्झ्युमेबल्स ज्यांना कमाल मर्यादाच नाही. ती मर्यादा नसणं हीच खरी बातमी आहे. मीडिया प्लेट, डिस्क, किट, महिनाभर २० मुलांनी वापरले तर बिल कितीचं येईल?

मृण्मयी_ठाणे

ते काय करायला देतात त्यावर आहे हो. नुसतं कल्चर आणि स्टेनिंग असेल तर झेपेल, मॉलिक्युलरची किट उघडली तर वेगळाच हिशोब. दर विद्यार्थी एवढ्याच्या वर नाही असं लिहून घ्या.

गिरगावकर

आणि पहिला हप्ता १५ दिवस आधी म्हणजे १९ एप्रिल, तो रविवार येतो. कॉलेजच्या अकाउंट्सकडून चेक १७ तारखेच्या शुक्रवारपर्यंत निघायला हवा. नवीन आर्थिक वर्षाचं बजेट नुकतंच उघडलेलं असतं तेव्हा, मागणी आधीच घालून ठेवलेली बरी.

जुना_दस्तऐवज

गिरगावकर, हे एकदम कामाचं.

आता बाहेर पडण्याचं कलम. '६० दिवसांची नोटीस' एवढं लिहून चालत नाही. नोटीस कधीपासून मोजायची, पाठवल्यापासून की मिळाल्यापासून? आणि मधे अडकलेल्या मुलांचं काय?

सायन_सर्कल

मिळाल्यापासून. आणि ९.३ मध्ये आहे की ज्यांचं ट्रेनिंग सुरू झालेलं आहे त्यांचं पूर्ण करून दिलं जाईल.

जुना_दस्तऐवज

सुरू झालेलं. यादी दिलेल्यांचं नाही. मग तुमच्या कॅलेंडरवर मांडून बघा. समजा हॉस्पिटलची नोटीस १० मार्चला कॉलेजला मिळाली. ६० दिवस ९ मेला संपतात. तोवर ४ मेला बॅच सुरू झालेली आहे, म्हणजे ९.३ लागू, मुलं २९ मेपर्यंत पूर्ण करतील. तीच नोटीस १ मार्चला मिळाली तर करार ३० एप्रिलला संपला, बॅच सुरूच झाली नाही, कोणालाच संरक्षण नाही. आणि ऑगस्टपासून घेतलेल्या लसी, टायटर, सगळं करून झालेलं. सीमारेषा ५ मार्च येते. त्याच्या आत नोटीस आली तर तुमच्याकडे २० मुलांसाठी दुसरी लॅब शोधायला जेमतेम दोन महिने आहेत, तेही परीक्षांच्या तोंडावर, जेव्हा मुंबईतली सगळी कॉलेजं त्याच लॅबांचे दरवाजे ठोठावत असतात.

त्यात ९.३ बंधनकारक तीन अपवादांत नाही हेही विसरू नका. सुरू झालेल्या मुलांचं संरक्षणसुद्धा शेवटी सद्भावनाच.

कांचन_के

बापरे. मग त्या कलमाचा उपयोग काय?

जुना_दस्तऐवज

उपयोग आहे. लेखी असलं की संस्था सहसा पाळते, गिरगावकर म्हणतात ते इथे खरं आहे. फक्त एचओडींना त्याची ताकद किती ते माहीत हवं. जमलं तर पत्रव्यवहाराने '९.३ हे यादी दिलेल्या विद्यार्थ्यांनाही लागू राहील' एवढी दुरुस्ती मागता येईल. देतील की नाही सांगता येत नाही.

आणि मुदत. '३ वर्षं' कुठून मोजायची? पहिल्या पानावरची तारीख बघू नका, करार अमलात कधीपासून येतो ते कलम बघा.

सायन_सर्कल

शेवटची सही झाल्यापासून. स्टॅम्पपेपर ५ जूनचा, प्रिन्सिपलसरांची सही १२ जूनची, हॉस्पिटलची ३ जुलै २०२५ ची. म्हणजे ३ जुलैपासून, आणि संपतो २ जुलै २०२८ ला. नूतनीकरणाची विनंती किमान ९० दिवस आधी लेखी, ती मोजली तर ३ एप्रिल २०२८ येते. आपोआप वाढत नाही.

जुना_दस्तऐवज

छान. पानावर ३ एप्रिल लिहा, पण डायरीत १ मार्च टाका, प्रिन्सिपलांची सही, मॅनेजमेंटची मान्यता यात महिना सहज जातो.

गिरगावकर

एक शंका. हे सगळं एका पानात मावणार कसं? आणि सारांशात सल्ला घालावा का? मॅडमनी सारांश मागितलाय, मत नाही.

जुना_दस्तऐवज

मत वेगळं ठेवायचं. वर करारात जे आहे ते, कलम क्रमांकासकट, म्हणजे मॅडमना शंका आली तर थेट पान उघडता येईल. खाली 'करारात नाही किंवा परस्परविरोधी' म्हणून प्रश्न. दोन्ही मिसळलं की तुमचं मत कराराच्या तोंडी जातं.

गिरगावकर

मी उलटं करीन. मॅडमना लोकलमध्ये दादर ते चर्चगेट एवढाच वेळ असणार, त्या वरची चार वाक्यं वाचतील. प्रश्नच वर हवेत.

सायन_सर्कल

दोघांचं मिळून असं केलंय. सगळ्यात वर या वर्षाच्या तारखा, क्रमाने: पहिला डोस १४ ऑगस्ट, तिसरा फेब्रुवारीच्या मध्यात, ५ मार्चपर्यंत हॉस्पिटलची नोटीस आलेली नाही ना हे बघणं, टायटर मार्चच्या मध्यात, ४ एप्रिलला यादी, १७ एप्रिलला ३०,००० चा चेक, ४ मेला सुरुवात. त्याखाली जबाबदाऱ्या, प्रत्येकीपुढे कलम आणि 'करावंच लागेल' किंवा 'प्रयत्न'. पैसे तीन ओळींत: द्यायचे ६०,०००, द्यायचे पण मर्यादा नाही ते कन्झ्युमेबल्स, मिळाले तर मिळतील ते स्टायपेंड. बाहेर पडणं दोन वाक्यांत, ५ मार्चच्या उदाहरणासकट. मग कलम १३ ची एक ओळ ठळक. शेवटी हॉस्पिटलला विचारायचे तीन प्रश्न: ५.१ की परिशिष्ट ब, कन्झ्युमेबल्सची मर्यादा, ९.३ यादीतल्यांना लागू का. पान भरलं पण एकच आहे.

फोनवर त्यांच्या कोऑर्डिनेटर म्हणाल्या की कन्झ्युमेबल्स 'फार होणार नाहीत'.

जुना_दस्तऐवज

फोनवरचं नोटमध्ये घालू नका. मेलवर मागा, आकडा आला की मग घाला.

मृण्मयी_ठाणे

अगं एक राहिलं. मुलं रक्ताच्या सॅम्पलवर काम करणार ना? सुई टोचली तर लगेचचा खर्च कोणाचा, टेस्ट, औषध? एचआयव्हीचं पीईपी, म्हणजे लागण टाळायचं औषध, ७२ तासांच्या आत सुरू करायला लागतं, खरं तर जितक्या लवकर तितकं बरं, तेव्हा फाइल कोणाच्या टेबलावर आहे ते बघत बसता येत नाही. करारात आहे का काही?

सायन_सर्कल

आत्ता सगळं पुन्हा चाळलं, दोन्ही परिशिष्टं पण. कॉलेजने मुलांचा इन्शुरन्स काढायचा एवढं आहे, टोचल्यावर तिथल्या तिथे काय करायचं आणि पैसे कोणी भरायचे ते कुठेच नाही. चौथा प्रश्न म्हणून घालते, आणि मेलमध्ये तोच पहिला टाकते.